जुने फोटो, जुन्या चॅट आणि नवं नातं : नेमकं काय काय केलंत?

सायली_के
काल फोननं आपणहून '६ वर्षांपूर्वी' म्हणत एक्ससोबतचा हरिहरेश्वरचा फोटो समोर आणला, आणि शेजारी होणारा नवरा बसलेला. सरसकट डिलीट करायला हात धजत नाही, कारण त्याच फोटोंत आजी आहे, मैत्रिणी आहेत. तुमचे अनुभव हवेत, पण कृतीसकट. कुठे काय दाबलं, कुठे फसलं.

रानवारा
गूगल फोटोजमध्ये Photos settings > Preferences > Memories > Hide people & pets. तिथे त्याचा चेहरा निवडायचा. फोटो जागेवरच राहतात, फक्त आठवणींमध्ये वर येत नाहीत.
लोक फसतात ते असं: दाढी, चष्मा, कडेनं काढलेला फोटो, यामुळे एकाच माणसाचे दोन-तीन गट झालेले असतात. तुम्ही एक लपवता, दुसरा गट वर येतो. म्हणून सगळे गट शोधून एकेक लपवा. पाठमोरे फोटो तर चेहऱ्यावरून सापडतच नाहीत. त्यांच्यासाठी Hide dates मध्ये सहलीचा पहिला आणि शेवटचा दिवस द्या. अर्थात त्या दिवसांतले आजीचे फोटोही मग आठवणीत येणार नाहीत, एवढं सोसावं लागतं.

मनोज७७
एवढा खटाटोप कशाला, अर्काइव्ह करा. विषय संपला.

रानवारा
मनोज, मुख्य यादीतून जातात हे खरं. पण सर्चमध्ये 'हरिहरेश्वर' टाकलं की येतात, अल्बममध्येही दिसतात. अगदी नजरेआड हवे असतील तर Locked Folder. फक्त त्या फोल्डरचा बॅकअप चालू आहे ना ते आधी बघा. तो बंद असताना फोन रीसेट केला तर तिथले फोटो कायमचे गेले.

पुणेरी_काकू
आणि व्हॉट्सॲपचं काय? मुली गॅलरीतून पुसतात आणि समजतात झालं. आपण स्वतः पाठवलेले फोटो वेगळ्याच फोल्डरमध्ये असतात, गॅलरीत दिसतच नाहीत. अँड्रॉइडवर फाइल मॅनेजर उघडून इथे जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

कुकर लावलाय, बाकीचं नंतर लिहिते.

ॲड_कोकणी
थांबा, पुसण्याआधी एक गोष्ट. घटस्फोट, पोटगी किंवा मुलांच्या ताब्याची केस चालू असेल, किंवा होण्याची शक्यता असेल, तर काहीही डिलीट करू नका. चॅट एक्सपोर्ट करून फोन विकून टाकतात, तिथेच घोळ होतो. एक्सपोर्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, कोणीही त्यातलं वाक्य बदलू शकतो, आणि समोरचा वकील हेच म्हणतो. मूळ फोन जपा. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५ब). शिवाय मीडियासकट एक्सपोर्ट केलं तर शेवटचे १०,००० मेसेजच येतात, मीडियाशिवाय ४०,०००. पाच वर्षांची चॅट असेल तर सुरुवातीचा भाग त्यात नसतो.

नितीन_नाशिक
माझं वेगळं आहे. तिला ब्लॉक केलंय, तरी कॉलेजच्या ग्रुपवर तिचे मेसेज दिसतात. ॲप बिघडलंय का?

रानवारा
बिघडलेलं नाही. ब्लॉकनं थेट मेसेज, कॉल, स्टेटस, लास्ट सीन बंद होतं. सामाईक ग्रुपमध्ये दोघांनाही एकमेकांचं सगळं दिसतं. ग्रुप सोडा किंवा म्यूट करा, तिसरा मार्ग नाही.
त्याआधी Linked devices उघडा. तिच्या लॅपटॉपवर तुमचं खातं अजून लॉगिन असेल तर आजच्या चॅटही तिथे पोचतात. तुमचा मुख्य फोन रोज वापरात आहे तोवर ते आपोआप बंद होईल या भरवशावर राहू नका. गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंगही बघा, 'बंद करेपर्यंत' असं दिलेलं बऱ्याचदा विसरून जातं.

मनोज७७
इन्स्टावर मात्र ब्लॉक केलं की मित्रमंडळींत बोभाटा होतो. Restrict बरं. कमेंट त्याची त्यालाच दिसते, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात, आणि आपण वाचले का हे त्याला कळत नाही.

सायली_के
मनोज, हे कामाचं आहे. होणाऱ्या नवऱ्याला सांगून करू की गुपचूप?

पुणेरी_काकू
सांगून. लपवलेलं फोल्डर नंतर सापडलं तर त्यात काय होतं हे कोणी विचारत नाही, लपवलं का हेच विचारतात.

ॲड_कोकणी
काकू, मला नाही पटत. फोन ज्याचा त्याचा आहे. विचारलं तर खरं सांगावं, आपणहून यादी द्यायची गरज नाही.

सायली_के
आत्ता बसून केलं. तीन गट निघाले, आणि तिसऱ्यात माझा मामेभाऊ मिसळलाय, दोघांनाही दाढी! लपवला तर भावाच्या लग्नाचे फोटोही जातील ना?

रानवारा
आठवणींतून जातील. आधी तो गट उघडून वरच्या तीन टिंबांतून Remove results घ्या, भावाचे फोटो निवडून बाहेर काढा, मग उरलेला गट लपवा. लग्नात फेटे असतील तर दोनदा तपासा, फेट्यात चेहरे फार चुकतात.