मदत हवी आहे: नव्या पेयाचे दुकानात दोन डेमो झाले पण आकड्यांचा अर्थ लागत नाही

चैत्राली

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण मिळून आलं-लिंबाचं एक पेय बनवतो. गोडी कमी, गॅस असलेलं, ३०० मिलीची बाटली. आसपासच्या आठ छोट्या दुकानांत माल ठेवलाय. प्रत्येक दुकानात आठवड्याला तीन-चार बाटल्या जातात, त्यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून दुकानात टेबल लावून लोकांना चव द्यायला सुरुवात केली. दोन डेमो झाले.

पहिल्या दुकानात शनिवारी ११ ते ३ उभ्या राहिलो. १४० कप वाटले, ९ बाटल्या विकल्या गेल्या. दुसऱ्या दुकानात रविवारी संध्याकाळी ५ ते ८. कप ९०, बाटल्या २२. तिथे ठेवलेला सगळा माल सव्वासातलाच संपला.

मैत्रीण म्हणते, दुसरं दुकान चांगलं आहे, आता तशाच दुकानांत जाऊ आणि पहिल्याचा नाद सोडू. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही. अजून सहा दुकानं बाकी आहेत, आम्ही दोघीच आहोत आणि दर आठवड्याला एकच डेमो झेपतो. किती कप, किती माल, कोणती वेळ, हे आधी ठरवायचं कसं? आणि डेमो लागू पडला की नाही हे कशावरून ओळखायचं?

आर्या

ताई, दुकानदाराला माल ठेवायला तयार करणं हीच खरी लढाई. आम्ही हातसाबण विकायचो तेव्हा पहिला माल दुकानदाराकडे विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवायचो. विकला नाही तर परत आणायचो. तुम्हीही तसं सुचवून बघा, दुकानदार लगेच हो म्हणतात.

चैत्राली

आर्या, माल आठही दुकानांत आधीच आहे आणि तोही याच बोलीवर. माझा प्रश्न डेमोच्या दिवसाबद्दल आहे. तरी मनापासून आभार.

सागर_नवा

डेमोच्या दिवशी किमतीत घसघशीत सूट ठेवा. लोक चव घेतात, छान म्हणतात आणि निघून जातात. सूट दिसली की हात खिशात जातो. मी एका कंपनीसाठी सुट्टीत असं काम केलंय. सूट असायची त्या दिवशी दुपटीच्या आसपास माल जायचा. शिवाय पेय एकदम थंडगार द्या, जितकं थंड तितकं उत्तम.

जुना_सेल्समन

चैत्रालीताई, पेयांच्या विक्रीत माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी दोन गोष्टी सांगा. दुसऱ्या दुकानात माल संपला तोवर किती कप वाटून झाले होते? आणि पहिल्या दुकानात विकायच्या बाटल्या नेमक्या कुठे होत्या?

चैत्राली

मी दर अर्ध्या तासाला वहीत रेघा मारत होते. सव्वासातपर्यंत साधारण ६० कप झाले होते. त्यानंतरचे ३० कप माल नसतानाच वाटले, लोक चव घेत होते म्हणून.

पहिल्या दुकानात टेबल दारापाशी होतं. बाटल्या आत, गल्ल्यामागच्या फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, दुधाच्या पिशव्यांच्या मागे. त्या दिवशी शाळा अर्धा दिवस होती, त्यामुळे साडेबाराला मुलं आली आणि दोन-दोन, तीन-तीनदा कप घेऊन गेली. गर्दी बघून आम्ही वीस कप आधीच भरून ट्रेमध्ये ठेवले होते.

जुना_सेल्समन

तुम्हाला जे पटत नव्हतं त्याचं कारण या वहीतच आहे. दुसऱ्या दुकानात २२ ला ९० ने भागू नका, ६० ने भागा. शेवटच्या ३० जणांना आवडलं असतं तरी घ्यायला काही नव्हतं. म्हणजे खरा आकडा दर तीन कपांमागे एक बाटली, किंवा त्याहून थोडा जास्तच. पहिल्या दुकानाचे १४० कपही खरे नाहीत. मुलांचे फेरे वजा केले तर चव घेणारी वेगवेगळी माणसं किती होती हे तुम्हालाच माहीत नाही. वर बाटली दिसत नव्हती आणि आधी भरलेल्या कपातला गॅस उडून गेलेला होता. तेव्हा ती दुकानाची परीक्षा नव्हतीच. त्या दुकानावर फुली मारू नका.

आता पुढच्या डेमोचा हिशेब. छोट्या दुकानात एक माणूस चव देऊन दोन वाक्यं नीट बोलतो तेव्हा तासाला २५ ते ३० जण होतात. तीन तासांचे ८० धरा. कपात ४० मिली ओता. दोन घोटांत चव कळते आणि तहान मात्र भागत नाही, म्हणून बाटली घ्यावीशी वाटते. ८० कपांचे ३.२ लिटर, म्हणजे ११ बाटल्या. फेस, सांडणं आणि तळाशी गॅस गेलेला उरलेला भाग धरून १४ न्या. या १४ तुमच्याच असाव्यात, दुकानाच्या मालातून एकही फोडू नका. नाहीतर संध्याकाळी हिशेबावरून वाद होतो आणि दुकानदार पुन्हा टेबल लावू देत नाही.

विक्रीचा माल वेगळा. दर तिघांमागे एक धरली तर २७ बाटल्या. वर पुढच्या आठवड्याचा खप, तोही नेहमीपेक्षा जास्त होणार असं समजून, ८ ते १०. म्हणजे दुकानात ३६ आणि गाडीत १२ राखीव. राखीव उरल्या तर पुढच्या दुकानात जातील, फक्त बाटलीवरची तारीख बघून आधीचा माल आधी लावा. रविवारी माल संपल्यावर दुसऱ्या दुकानात नवा कधी पोचला?

चैत्राली

गुरुवारी. तेव्हापासून आठवड्यात ७ गेल्या. पहिल्या दुकानात मात्र आधीसारख्याच ३.

जुना_सेल्समन

तेच तुमचं सगळ्यात मोठं नुकसान. रविवारी चव घेतलेला माणूस सोमवारी-मंगळवारी परत येतो, बाटली दिसली नाही की दुसरं काही उचलतो आणि तुमचं नाव विसरतो. डेमोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फेरी हवीच, माल असला तरी.

सागर म्हणतात त्यात थंड द्या हे बरोबर. जितकं थंड तितकं उत्तम, हे मात्र नाही. फार गार पेयाची गोडी आणि वास दोन्ही जिभेला कमी कळतात. तुमचं आधीच कमी गोड आहे, ते नुसतं आंबट-तिखट लागेल. पाचसहा अंशांवर ठेवा. कोमट झालं तर उलटं होतं, उघडताच फसफसून फेस येतो आणि कपात गॅस उरत नाही. दुकानाच्या फ्रीजवर विसंबू नका. गर्दीत तो सारखा उघडला जातो आणि साध्या बाटलीला गार व्हायला काही तास लागतात. पेटीत बर्फ टाका आणि त्यात पाणी ओता. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवेच्या फटी राहतात, पाणी मात्र सगळीकडून चिकटतं, अर्ध्या तासात बाटली गार होते. चवीच्या बाटल्या दोन-दोन करून बाहेर काढा, तीन-चारहून जास्त कप आधी भरू नका. विकायच्या निदान दहा गार बाटल्या टेबलावर किंवा हाताशी हव्यात. गिऱ्हाईक कप ठेवतं आणि डावीकडे बाटली बघतं, तेवढ्या दोन सेकंदांत काम होतं.

किमतीत सूट देण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. त्या दिवशी माल जातो हे खरं, पण त्यात पुढच्या आठवड्यात येणारं गिऱ्हाईक आजच ओढलं जातं आणि चव आवडली की किंमत, हे कळायचा मार्ग बंद होतो. सध्या तुम्हाला चवीचा निकाल हवाय.

सागर_नवा

हे मला मान्य नाही. नवीन पेय घरी नेऊन पूर्ण बाटली प्यायल्याशिवाय सवय लागत नाही आणि पहिली बाटली घरी न्यायला सूट लागतेच. दोन घोटांवर कोणी निर्णय घेत नाही. पुढच्या आठवड्याचा खप कमी झाला का, हे आम्ही कधी मोजलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

कोपऱ्यावरचा

मी स्वतः छोटं दुकान चालवतो, म्हणून या बाजूने बोलतो. संध्याकाळी सहा ते साडेसात माझ्या गल्ल्यासमोर टेबल लावू नका. तेव्हा माणूस घाईत असतो, कप धरून वाटेत उभा राहतो आणि मागच्या चौघांचा खोळंबा होतो. साडेचार ते सहा आणि मग साडेसातनंतर, त्या वेळी माणसं निवांत असतात. एकदा एकांनी टेबल लावलं आणि रिकामे कप माझ्या उंबऱ्यावर टाकून निघून गेले. माझ्या पोराने रात्री नऊला ते वेचले. त्या पेयाला नंतर मी फ्रीजमध्ये पुढे जागा दिली नाही, हे कबूल करतो. कचऱ्याची पिशवी स्वतः आणा आणि भरून घेऊन जा.

आणि माझ्याकडे जो पोरगा माल काढून देतो त्याला सगळ्यात आधी पाजा. तुम्ही आठवड्यातून तीन तास असता, तो रोज बारा तास असतो. कोणी विचारलं, हे कसं आहे, तर उत्तर तोच देतो.

चैत्राली

हे आम्ही दोन्हीकडे केलं नाही. पहिल्या दुकानातल्या मुलाने तर आमचं पेय अजून चाखलेलंच नाही.

जुना_सेल्समन

मग पहिल्या दुकानात पुन्हा जाल तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

मोजायचं असं. डेमोच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे चार, दुकानातला खप लिहा. सुरुवातीचा माल, अधिक दिलेला, वजा उरलेला. फुटलेल्या आणि परत आणलेल्या वेगळ्या लिहा. एक दुकान असं ठेवा जिथे या काळात डेमो करायचाच नाही. ऊन वाढलं की सगळीकडेच खप वाढतो, तो डेमोच्या खात्यात जमा करू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा आकडा आधीच्यापेक्षा वर टिकला तर डेमो लागू पडला. डेमोच्या दिवसाची विक्री बघून खूश होऊ नका. आणि बाटल्यांबरोबर घेणारी माणसंही मोजा.

चैत्राली (दहा दिवसांनी)

तिसऱ्या दुकानाचा डेमो झाला. वेळ साडेचार ते सहा आणि साडेसात ते नऊ. मधल्या दीड तासात टेबल आवरून बाजूला ठेवलं. दुकानातल्या काकांना आणि मदतनिसाला आधी पाजलं. मदतनीस म्हणाला आलं जरा झोंबतं, आणि दिवसभर तेच सांगून विकत होता: "झोंबतं, पण छान आहे." मुलांना पालक सोबत असतील तरच कप दिला.

कप ६८, बाटल्या २१. पण दादांनी सांगितलं म्हणून माणसं मोजली, तर घेणारे १३च. एका बाईंनी घरच्या कार्यक्रमासाठी एकदम सहा नेल्या. म्हणजे पाच जणांत एक. दुसऱ्या दुकानात त्या रविवारी २२ बाटल्या किती जणांनी नेल्या हे आता कळायला मार्गच नाही, त्यामुळे ते तीनात एक खरं होतं का, कोण जाणे. मी पुढच्या डेमोसाठी विक्रीचा माल ३६ वरून ३० वर आणतेय, राखीव १२ तशाच.

एक अडकलंय. सहा नेणाऱ्या बाईंसारखं गिऱ्हाईक प्रत्येक डेमोत एखादं येतं का? हिशेबात त्यांना धरायचं की बाजूला ठेवायचं?

जुना_सेल्समन

माझ्या अनुभवात येतं, पण दर वेळी नाही. माल नेताना धरा, म्हणून तर राखीव आहे. डेमो लागू पडला का हे ठरवताना बाजूला ठेवा.

कोपऱ्यावरचा

त्या बाई परत आल्या का, ते दुकानातल्या काकांना विचारा. त्यांना चेहरा आठवत असेल.