अनुभव धागा: ‘आगगाडीचं स्टिअरिंग कुठे असतं?’

लेक सात वर्षांचा, गाड्यांचं वेड डोक्यात भिनलेलं. चिपळूण स्टेशनात गाडी वळणावरून येताना बघून विचारतो, ‘लोको पायलटकडे स्टिअरिंग नाही, मग ती वळते कशी?’ तुमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा काय सांगितलंत? अनुभव लिहा.
– अनघा

सोपं आहे. चाकाला आतून उंच कड असते, ती रुळाला घासते आणि गाडी वळते. पोराला एवढं पुरे.
– सुहास, रत्नागिरी

माझो झील ट्रकवेडो. रो-रो गाडयेर ट्रक चडवले की डायवर केबिनीत नुसतो बसान ऱ्हवता, तरी ट्रक वळता! तुमचो झील ह्याच इचारता मां?
– बाबल्या, कणकवली

सुहास, कड आहे, पण ती शेवटचा आधार. खरं काम चाकाच्या उताराचं. चाक सपाट नसतं. कडेकडे जाडं, बाहेर किंचित बारीक. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, त्यामुळे फिरतात बरोबरीने. पण वळणावर बाहेरचा रूळ लांब पडतो. पूर्ण अर्धवर्तुळ घेतलंत तर पाच मीटरहून जास्त, वळण केवढंही असो. गाडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक जाड्या भागावर येतं, आतलं बारीक भागावर. मग एका फेरीत बाहेरचं जास्त अंतर कापतं आणि गाडी आपसूक वळते. वळण फारच तीव्र असलं तर हा फरक पुरत नाही. चाक घसटतं, कड लागते, आणि कर्कश किंचाळी ऐकू येते.
नातवाला मी चहाचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटवून दिले. दोन काठ्या समांतर, थोड्या उतरत्या ठेवून त्यांवरून सोडायचे. नंतर बुडाला बूड लावून तेच करून बघा.
– मोहनकाका, रेल्वेतून निवृत्त

केलं! तोंडं जोडलेले कप खालपर्यंत गेले, बुडं जोडलेले लगेच पडले. पण काका, पहिले नागमोडी का जातात? लेक म्हणतो, ‘कप दारू प्यायलाय.’
– अनघा

बरोबर पाहिलंन पोराने. मध्यावर यायला जातात आणि पलीकडे निघून जातात. गाडीचंही तेच, वेग वाढला की जास्त. म्हणून उतार अगदी थोडा ठेवतात, साधारण वीस मिलिमीटरला एक, आणि डोलणं आवरायला बोगीत स्प्रिंगा नि डॅम्पर असतात.
– मोहनकाका

मग सांध्यावर? तिथे तर दोन वाटा असतात.
– सुहास

तिथे वाट सांधाच ठरवतो. पट्टी सरकली की कडेला पर्याय नाही. तिथे तुमचं खरं.
– मोहनकाका

आता नवीन प्रश्न: चाक झिजून सपाट झालं तर? आणि पावसात किंचाळी कमी येते का? आमच्याकडे तसं वाटतं खरं.
– अनघा

झिजलेलं चाक लेथवर पुन्हा आकारात आणतात. पावसाचं मलाही तसंच वाटतं, ओला रूळ बुळबुळीत म्हणून असेल. पण कधी नीट कान देऊन बघितलं नाही.
– मोहनकाका