अनुभव धागा: रोज हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ – मॅट, ग्लॉस की आणखी काही?

गोदाकाठ

आमच्या भजनी मंडळाचं १६० पानी भजनसंग्रहाचं पुस्तक गेल्या वर्षी छापलं. ५०० प्रती, डेमी आकार, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्डावर. मुखपृष्ठाची पार्श्वभूमी गडद काळी-निळी, मध्ये वीणा, वर मॅट लॅमिनेशन, म्हणजे चमक नसलेली पातळ प्लास्टिकची फिल्म. नमुना हातात आला तेव्हा इतका देखणा दिसला की आम्ही लगेच होकार दिला.

गठ्ठे टेम्पोने गावी आले. उघडले, तर वरच्या प्रतींवर चमकदार पट्टे. पुसून जाईनात. प्रती एकमेकींवर घासल्यामुळे ते उठले होते. त्यानंतर आठवडाभरात प्रत्येकाच्या पुस्तकावर बोटांच्या तेलाचे डाग आणि टाळांच्या कडांचे ओरखडे. सहा महिन्यांत मुखपृष्ठाचा मधला भाग गुळगुळीत होऊन चकाकू लागला आणि कडा मात्र मॅटच राहिल्या. आता दुसरी आवृत्ती काढायची आहे. ज्यांची पुस्तकं रोज हातात फिरतात, स्वयंपाकघरात, वर्गात, देवळात, प्रवासात, त्यांनी आपला अनुभव लिहा. मॅट वाईट की आमची निवड चुकली, हे मला समजून घ्यायचं आहे.

यंत्रघर

मी कोल्हापूरकडे तीस वर्षं लॅमिनेशन आणि बाइंडिंगचं काम केलं. तुमच्या बाबतीत मॅटपेक्षा रंगाचा दोष जास्त आहे. मॅट फिल्मचा पृष्ठभाग अगदी बारीक खडबडीत असतो. त्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरतो आणि कव्हर मऊ दिसतं. घासलं की तो खडबडीतपणा चेपतो आणि तेवढी जागा चमकू लागते. पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या कव्हरवरही हे होतं, पण दिसत नाही. काळ्या, गडद निळ्या, गडद लाल सपाट भरीव रंगावर मात्र लांबूनही दिसतं. म्हणून माझ्याकडे कुणी काळं मॅट मागितलं की मी आधी विचारायचो, पुस्तक कपाटात राहणार की पिशवीत?

आणखी एक. प्रती नुसत्या सुतळीने बांधून टेम्पोत टाकल्या की पहिले ओरखडे वाटेतच उठतात. दहा-दहा प्रती प्लास्टिकमध्ये घट्ट आवळून घ्या, म्हणजे आत हलणार नाहीत. त्याला श्रिंक पॅकिंग म्हणतात, खर्च फार नसतो.

सुगरणताई

माझं स्वयंपाकाचं पुस्तक आधी मॅटमध्ये होतं, नंतर ग्लॉसमध्ये काढलं. ओट्याजवळ पुस्तक म्हणजे हळद, तेल, पीठ सगळं आलं. मॅटवर हळदीचं तेल पडलं तर वरवर पुसता येतं, पण पिवळसर छाया राहते. ग्लॉसवरून ओल्या फडक्याने जातं. ग्लॉसचा त्रास वेगळा आहे. ट्यूबलाइटखाली नाव नीट दिसत नाही आणि फोटो काढायला गेलं की झगझगीत पट्टा येतो. शिवाय पाच-सहा पुस्तकं एकावर एक ठेवली की घसरतात. ओल्या हातातून तर निसटतंच. तरी माझी निवड ग्लॉस.

पहिलंपुस्तक

माझं मत स्पष्ट आहे. ग्लॉस घ्या. प्लास्टिकचा थर असल्यामुळे पाणी आत जात नाही, त्यामुळे कव्हर वाकायचा प्रश्नच नाही. मॅटमध्ये कव्हर वाकतं, ग्लॉसमध्ये नाही.

ग्रंथपाल_रत्नागिरी

हे कोकणात टिकणारं नाही हो. आमच्या वाचनालयात ग्लॉसची पुस्तकंही आषाढात वाकतात. मॅटची आणि ग्लॉसची एकाच फळीवर होती, दोन्हींची मुखपृष्ठं बाहेरच्या बाजूला उचलली गेली. दिवाळीनंतर बरीचशी सरळ झाली, काही मात्र कायमची तशीच राहिली. कव्हर उचललं की बाजूचं पुस्तक काढताना कोपरा अडकतो आणि तिथून फिल्म सुटायला लागते. ग्लॉस-मॅटचा फरक आम्हाला वाकण्यात दिसला नाही. तो दिसला फक्त स्टिकरमध्ये. मखमलीसारखी लागणारी जी फिल्म हल्ली करतात, तिच्यावर आमचं क्रमांकाचं लेबल टिकत नाही, कोपऱ्यातून उचकटतं.

यंत्रघर

ग्रंथपालताईंचं निरीक्षण बरोबर आहे. पाणी वरून आत जात नाही हे खरं, पण ओलावा आतल्या बाजूने येतो. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला फिल्म नसते. दमट हवेत कार्ड ओलावा शोषतं, फुगतं. वरची फिल्म फुगत नाही. एक बाजू लांबली आणि दुसरी तेवढीच राहिली की कार्ड फिल्मच्या बाजूला वळतं. मॅट असो वा ग्लॉस, फिल्म तीच पॉलीप्रॉपिलीनची, त्यामुळे वागणूक सारखीच. कोरड्या हवेत उलट घडतं, कार्ड आकसतं आणि कव्हर आतल्या बाजूला दबतं.

कारागिराच्या हातूनही वाकणं येतं. मशीनवर फिल्म जास्त ताणून लावली तर ती नंतर आकसते आणि कार्डाला ओढते. ओळखायची खूण अशी: ताज्या लॅमिनेट केलेल्या शीट कोरड्या हवेत सपाट टेबलावर ठेवा. तेव्हाच कडा वर उठत असतील तर ताणाचा दोष मानावा. तेव्हा सपाट आणि पावसात उठल्या, तर ओलाव्याचा.

पहिलंपुस्तक

म्हणजे माझ्या पुस्तकाचं कव्हर सरळ राहिलं ते पुण्याच्या हवेमुळे? कार्डाचे तंतू कण्याच्या दिशेत ठेवल्यामुळे नाही? प्रेसवाल्याने मला सांगितलं होतं की तंतूची दिशा बरोबर असली की वाकत नाही.

यंत्रघर

अर्धं बरोबर आहे. कार्डाचे तंतू कण्याला समांतर असावेत, हे खरंच. तसे असले की कव्हर सांध्यापाशी सहज उघडतं, घडीवर तडा जात नाही आणि कणा सुरकुतत नाही. पण कार्ड तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतं, म्हणून दमट हवेत पुढची कड तरीही उचलते. दिशा उलटी ठेवली तर वरचे-खालचे कोपरे वळतात, ते त्याहून वाईट, आणि कणाही सुरकुततो. तेव्हा समांतर हवेच, पण त्याला वाकण्यावरचा इलाज समजू नका. दिशा तपासायची असेल तर कार्डाचा एक चौकोनी तुकडा दोन्ही बाजूंनी अलगद वाकवून बघा. ज्या बाजूला कमी जोर लागतो, त्या घडीच्या रेषेला तंतू समांतर.

शाळेचीबाई

मला एक विचारायचं होतं. माझ्या मुलाच्या पाठ्यपुस्तकांना घरी किंवा दुकानात लॅमिनेशन करून मिळेल का? दोन महिन्यांत कव्हरं फाटतात.

ग्रंथपाल_रत्नागिरी

ताई, तयार बांधलेलं पुस्तक लॅमिनेशनच्या मशीनमधून जाणार नाही. ते काम छापील शीटवर, बांधणीच्या आधी होतं. तुम्ही पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घाला, पण चिकटवू नका, फक्त घडी आत वळवा. चिकटवलेलं प्लास्टिक काढताना छपाईसकट निघतं, आमच्याकडे दोन-तीन पुस्तकं तशी गेली आहेत.

कवीमन

आमच्या संग्रहावर मखमली फिल्म आणि फक्त शीर्षकावर चमकदार थर, म्हणजे स्पॉट यूव्ही केलं होतं. दिसायला सुंदर. कविता वाचणारा माणूस पुस्तक हातात धरून बसतो, म्हणून तो स्पर्श मला हवा होता आणि वाचकांनाही आवडला. पण शीर्षकाचं एक अक्षर कण्याच्या सांध्याजवळ गेलं होतं. पुस्तक उघडताना तिथे तडे गेले आणि पापुद्रा नखाने निघू लागला. आता मला वाटतं, शीर्षक सांध्यापासून लांब घ्यायला हवं होतं. मखमली मात्र परत घेईन. तेलकट बोटं लागतात हे खरं, पण आमचं कव्हर फिकट राखाडी असल्यामुळे खटकलं नाही.

डिजिटल_छपाई

आमच्याकडे ५०-१०० प्रतींची डिजिटल कामं असतात. तिथे एक वेगळी अडचण येते. टोनरने छापलेल्या शीटवर नेहमीची फिल्म कधी कधी नीट चिकटत नाही. आठ दिवसांत कोपऱ्यात फुगा येतो. त्यासाठी जास्त चिकट फिल्म मिळते, ती मागावी लागते. बऱ्याच लेखकांना हे माहीत नसतं आणि ते दोष मॅटला देतात.

यंत्रघर

ऑफसेटमध्येही तोच प्रकार वेगळ्या कारणाने होतो. शाई ओली असताना घाई केली, किंवा शीटवर सेटिंगची पावडर जास्त राहिली, तर फिल्मखाली चांदीसारखे बारीक ठिपके दिसतात. गडद भरीव रंगावर ते जास्तच उठतात. म्हणून छपाईनंतर निदान एक दिवस थांबावं. जाड शाई असेल तर जास्त. फिल्म सुटत असेल तर सुटलेली बाजू बघा. फिल्मला शाई लागून आली असेल तर फिल्म पक्की, शाई कागदाला धरत नाही. शाई कागदावरच राहिली असेल तर फिल्म चिकटलीच नव्हती.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. गेल्या रविवारी आमच्या प्रेसमध्ये बसून मी चार प्रकारचे तुकडे करून घेतले: गडद निळ्यावर मॅट, गडद निळ्यावर ग्लॉस, फिकट केशरीवर मॅट, आणि फिल्मशिवाय नुसता वार्निश. प्रत्येक प्रकारचे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून पन्नास वेळा घासले. बोटाला खोबरेल लावून ठसा दिला आणि फडक्याने पुसला. मग क्रीझवर, म्हणजे घडीसाठी दाबलेल्या रेघेवर, वीस वेळा उघडझाप केली. वर एक रात्र न्हाणीघरात टांगून ठेवले.

गडद निळ्या मॅटवर घासल्याचे पट्टे आले, तेलाचा ठसा पुसूनही काळपट राहिला. गडद निळ्या ग्लॉसवर तेल पूर्ण गेलं, पण तिरप्या उजेडात केसासारख्या रेघा दिसल्या. केशरी मॅटवर दोन्हींपैकी काहीच डोळ्यात भरण्यासारखं नव्हतं. वार्निशचा तुकडा घडीवर पांढरा पडला आणि तेल कागदात शिरलं, पण न्हाणीघरात तो सगळ्यांत कमी वाकला. फिल्म लावलेले तिन्ही तुकडे सारखेच वळले होते, यंत्रघरदादा म्हणाले तसे.

म्हणून दुसरी आवृत्ती फिकट केशरीवर मॅट. वीणा आणि नाव गडद रंगात, पण मोठा भरीव ठोकळा कुठेही नाही. क्रीझ कण्यापासून ६ मिलिमीटरवर, आणि स्पॉट यूव्ही नको. प्रती श्रिंक पॅकिंगमध्ये.

पावसाळ्यातल्या वाकण्याचं काय करायचं हे मात्र अजून ठरत नाही. आतल्या बाजूलाही फिल्म लावली तर दोन्ही बाजू सारख्या होतील, पण बाइंडिंगचा गोंद धरायला कण्याची जागा मोकळी ठेवावी लागेल आणि खर्च वाढेल. ओलावा थोडा बाहेर जाऊ देणारी नायलॉनची फिल्म असते असं ऐकतो. ती आमच्या भागात सहज मिळत नाही. कुणी पुस्तकाच्या कव्हरवर प्रत्यक्ष वापरली आहे का?

यंत्रघर

मी दोन कामांना वापरली. पावसात बराच सपाटपणा राहिला, पण ५०० प्रतींसाठी अख्खा रोल घ्यावा लागला आणि उरलेला पडून राहिला. तुमच्या प्रेसला दुसऱ्या कुणाबरोबर रोल वाटून घेता येतो का, ते आधी विचारा.

ग्रंथपाल_रत्नागिरी

तोवर पुस्तकं उभी आणि घट्ट ठेवा. सैल फळीतली आधी उचलतात.