अनुभव धागा: गंभीरपणे जोडीदार शोधताना डेटिंग अ‍ॅपवर आलेला थकवा

रानजाई

अ‍ॅप कसं वापरावं, फोटो कुठले लावावेत यासाठी हा धागा नाही. ते सल्ले न मागताही मिळतात. लग्नाचा जोडीदार हवा म्हणून अ‍ॅपवर आलात, भेटीगाठी झाल्या, पुन्हापुन्हा नकार आले, त्यानंतर तुमचं काय झालं ते लिहा. पुण्यातलेच असाल तर उत्तम, नसाल तरी चालेल.

माझं सांगते. वय ३४, राहते कर्वेनगरला, नोकरी बाणेरला. कुणी डावीकडे सरकवलं तर मला ते कळतही नाही, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही. टोचतं ते तिसऱ्या भेटीनंतरचं. मागच्या पावसाळ्यात एकाशी ओळख झाली. पहिली भेट कॉफीची, दुसरी पाषाण तलावाच्या कडेनं चालत, तिसरी जेवणाची. त्यानं आपणहून आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं, घर कोथरूडला बघावं की वाकडला यावर माझं मत विचारलं. निघताना म्हणाला, "रविवारचं ठरवू." रविवार आला आणि गेला. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. मग तो अ‍ॅपवरूनही गायब.

मी नंतर कितीतरी दिवस ते जेवण मनात चिवडत बसले. मी जास्त बोलले का? पगार सांगितला तिथं बिनसलं का? पुढच्या मुलाला भेटायला गेले ती हे सगळं घेऊनच. तो बिचारा "पार्किंग मिळेना" म्हणून दहा मिनिटं उशिरा आला, तर मी मनात त्याचा निकाल लावून मोकळी.

तिरकस

तिसरी भेट म्हणजे चैन आहे हो. आम्ही हिंजवडीकर मॅचच्या दारातच उभे. माझा अभ्यास असा की प्रत्येकाला अ‍ॅपवर एक गुप्त गुण असतो. जितके लोक नाकारतील तितका तो घसरतो, आणि मग आपण कुणाला दिसतच नाही. म्हणून मी अधूनमधून खातं उडवून नवीन काढतो. पहिले चार दिवस बरे जातात, मग पुन्हा सामसूम. जीव जातो तो त्या सामसुमीनं. नकार तरी द्या!

मनमोकळी

समुपदेशक आहे, डेक्कनला बसते. हा विषय घेऊन येणारे आता नेहमीचे झालेत, त्यामुळे थोडं लांबण लावते.

तिरकस, तुमचं अर्धं बरोबर आहे. टिंडर पूर्वी असा गुण वापरायचं, पण आता आम्ही त्यावर चालत नाही असं त्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं. तुम्ही कुणाला पसंत करता आणि तुम्हाला कोण करतं यावर पुढं काय दाखवायचं हे आजही ठरतं, पण त्याचं गणित बाहेरच्या माणसाला दिसत नाही. सामसुमीत मोठा वाटा नुसता न दिसण्याचा असतो. जिनं तुमचं प्रोफाइल पाहिलंच नाही तिनं तुम्हाला नाकारलेलं नाही. मन मात्र सगळं एकाच खात्यात जमा करतं.

आणि ते का लागतं, तर त्यासाठी समोर माणूसही लागत नाही. किप्लिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक खेळ आहे. स्क्रीनवर तिघं चेंडू खेळतात, थोड्या वेळानं बाकीचे दोघं तुम्हाला चेंडू देणं बंद करतात. बस, एवढंच. २००४ च्या एका प्रयोगात काही जणांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर खेळतोय. तरीही वगळल्याचं त्यांना लागलंच. त्यामुळे "अनोळखी माणसाचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं" असं स्वतःला दटावून उपयोग होत नाही.

दुसरं म्हणजे, नाकारणारे आपणही असतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना एकामागून एक प्रोफाइलं दाखवली, तेव्हा पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत होकाराची शक्यता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. प्रोफाइलं वाईट होत गेली म्हणून नव्हे, बघणारं मन मिटत गेलं म्हणून. रात्री साडेअकराला कुणाच्या तरी रांगेत तुम्ही शेवटी आलात, तर तो नकार तुमच्याबद्दल फार काही सांगत नाही.

थकवा ओळखायचा कसा, तर माझ्याकडे येणाऱ्यांत तीन गोष्टी दिसतात. नाव वाचायच्या आधी अंगठा सरकलेला असतो. ठरलेली भेट रद्द झाली की हायसं वाटतं. आणि जो आपल्यालाही फारसा आवडला नव्हता त्याच्या नकारानं अख्खा दिवस जातो. इथवर असेल तर अ‍ॅप काही काळ बाजूला ठेवणं पुरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण जात नाही, कशातच रस नाही असं असेल तर तो अ‍ॅपचा थकवा समजू नका, डॉक्टरांना भेटा.

नानासाहेब_सहकारनगर

धागा फारच उपयुक्त. आमच्या चिरंजीवांचं वय ३३, इंजिनिअर, स्वतःचा टूबीएचके. विवाहमंडळात नाव घातलं आहे, पण मुलीकडचे फोटो बघूनच गप्प बसतात. बायोडेटात पगार महिन्याचा लिहावा की वर्षाचा? जाणकारांनी सांगावं. पत्रिकेत मंगळ नाही.

तिरकस

काका, वर्षाचा लिहा. आकडा मोठा दिसतो.

दोनचहा

काका चुकून योग्य दारात आलेत. घटस्फोटित आहे, आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे असते. माझं गणित लिहितो, कुणाच्या कामी आलं तर बघा.

सुरुवातीला प्रोफाइलवर फक्त 'घटस्फोटित' लिहायचो. मुलीचं भेटीत सांगू, कागदावर वाचून माणूस घाबरतो, असा मित्रांचा सल्ला. व्हायचं असं की चार-पाच दिवस छान गप्पा, फोन, मग एफसी रोडला भेट. दुसऱ्या चहाला मी मुलीचा विषय काढायचो. समोरची व्यक्ती अतिशय सभ्यपणे "किती गोड" म्हणायची, आणि रात्री अनमॅच. दर वेळी वाटायचं की नकार माझ्या मुलीला आलाय. हे फार वाईट होतं. घरी येऊन तिचा अभ्यास घेताना मी उगाच चिडायचो.

मग पहिल्याच फोटोखाली लिहिलं, "मुलगी आठ वर्षांची, माझ्याकडेच राहते, राहणार." लाईक एकदम आटले, अगदी नावापुरते उरले. पण ज्यांना चालणार नव्हतं त्या गेल्या त्या मला न दिसता गेल्या. नकार तेवढेच असतील, कदाचित जास्तच, फक्त ते सुरुवातीच्या टप्प्यावर सरकले. तिथं मी काही गुंतवलेलं नसतं. जोडीदार अजून मिळालेला नाही हेही लिहून ठेवतो, नाहीतर यशोगाथा वाटायची.

रानजाई

दोनचहा, हे पटलं. पण माझ्याकडे आधी सांगण्यासारखं असं काही नाही. सगळं लिहिलेलंच आहे. मग तिसऱ्या भेटीनंतर गळतं ते नक्की काय?

कैरी_डाळ

मी अ‍ॅप सोडून कांदेपोह्यांकडे परत गेले, त्यामुळे दोन्हींचं सांगू शकते. पोह्यांची पद्धत मला मुळीच प्रिय नाही. सासूबाई होऊ घातलेल्या बाईंनी मला चालून दाखवायला सांगितलंय. साल विचारू नका, फार जुनं नाही.

पण तिथं नकाराला एक शेवट असतो. मावशीचा फोन येतो, "अगं, पत्रिका जुळत नाही म्हणाले." छत्तीसपैकी अठरा गुण लागतात आणि आमचे साडेसतरा भरले म्हणे! ते खोटं आहे हे मावशीला माहीत, मला माहीत, त्यांनाही माहीत. तरी सगळ्यांचा मान राहतो आणि प्रकरण मिटतं. मध्ये एक माणूस असतो, त्यामुळे गायब होण्याची सोय नसते. अ‍ॅपवर मध्ये कुणीच नाही. नाही म्हणायचं तर स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं, आणि ते आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. घरात नकार नेहमी मोठ्यांनी कळवलेला पाहिला आपण.

पाऊलवाट

माझा अनुभव या धाग्यात बसतो का माहीत नाही. मी गे आहे, विश्रांतवाडीला राहतो. कैरी_डाळ यांची मावशी माझ्यासाठी फोन करणार नाही, मला अ‍ॅपच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. तेव्हा ज्याच्याशी बरंच जमत आलं होतं तो म्हणाला, "मग आता सीरियस होऊन करायचं काय? घरचे लग्न लावून देतीलच माझं." त्याला मी आवडलो नव्हतो असं नाही. हा नकार कुठल्या खात्यात टाकायचा, मनमोकळीताई?

मनमोकळी

पाऊलवाट, नीट बसतो अनुभव. माझ्याकडे यावर तयार उत्तर नाही. त्यानं तुम्हाला पारखून नाकारलं नाही, एवढं खरं. पण त्यानं दुःख कमी होतं असा माझा अनुभव नाही, फक्त स्वतःला दोष देणं कमी होतं.

रानजाई, तुमच्या प्रश्नाबद्दल. २०१७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. स्पीड डेटिंगला येणाऱ्यांकडून आधी आवडीनिवडी, स्वभाव, अपेक्षा यांची शंभराहून जास्त माहिती भरून घेतली आणि कॉम्प्युटरला विचारलं, कोणाचं कोणाशी विशेष जमेल? ते त्याला सांगता आलं नाही. भेटीआधीच्या माहितीत ते नसतंच. म्हणून पगार की बडबड हे शोधत बसण्यात फार हशील नाही. आणि विचारलंत तरी मिळणारं कारण बहुधा सोयीचं असतं, त्या साडेसतरा गुणांसारखं.

कैरी_डाळ

इथं माझं जमत नाही तुमच्याशी. मी एकाला कारण विचारलं होतं. म्हणाला, "तू पुणं सोडणार नाहीस असं तीनदा म्हणालीस, मला बंगलोरला जायचंय." हे मी तीनदा म्हणाले हे मला माहीतच नव्हतं! आता एकदाच म्हणते, पण पहिल्या भेटीत. कारण कामाचं असू शकतं.

मनमोकळी

असू शकतं. मिळालं तर घ्या, त्यासाठी थांबून राहू नका, एवढंच म्हणेन.

रानजाई

कारण विचारण्यापेक्षा मला शेवट हवा होता, हे कैरी_डाळचं वाचून कळलं. म्हणून आता माझ्याकडून नाही असेल तर दुसऱ्या दिवशी कळवते. मेसेज असा: "काल भेटून छान वाटलं. पण पुढं जावं असं मला वाटत नाही. उगाच ताटकळत ठेवायचं नव्हतं म्हणून कळवते. शुभेच्छा." कारण लिहीत नाही. दोघांनी "थँक्स" म्हटलं, एकानं "तू कोण मला नाही म्हणणारी" म्हणून शिव्या दिल्या. त्याला ब्लॉक केलं. लोक गायब का होतात तेही थोडं समजलं.

तिरकस

हे दुसऱ्या दिवशी की त्याच रात्री पाठवायचं? आणि मुलगी पाठवते तेव्हा ठीक आहे, पण मुलानं पाठवलं की "भाव खातोय" म्हणतात. कुणी पाठवून पाहिलंय का?

दोनचहा

मी फोन करतो. शिव्या अजून पडल्या नाहीत, पण एकीला समजूत घालायला पाऊण तास लागला. त्यापेक्षा मेसेज बरा, असं आता वाटतंय.

नानासाहेब_सहकारनगर

चिरंजीवांना हा धागा वाचायला दिला. ते म्हणाले, "बाबा, मी दोन वर्षं अ‍ॅपवर आहे." आम्हाला पत्ता नाही. मंडळाची फी यंदाही भरावी का, हे त्यांनाच विचारतो.