शब्दचर्चा : ‘पाकिटे बदलली’ म्हणजे नेमके काय झाले?

मृदुला (नौपाडा, ठाणे) :
आमच्या भागातील एका छोट्या घरगुती उद्योगासाठी मी मजकूर लिहून देते. आषाढी एकादशीच्या ऑर्डरी भरताना तिथे उपवास भाजणीचे स्टिकर थालीपीठ भाजणीच्या काही पिशव्यांवर लागले आणि त्या पिशव्या ग्राहकांकडे गेल्या. आज संध्याकाळी इन्स्टाग्रामवर चार चित्रांचे एक कॅरूसेल टाकून चूक कळवायची आहे आणि माफीही मागायची आहे. पहिल्या चित्रावरचा माझा कच्चा मजकूर असा आहे : ‘क्षमस्व! काही तांत्रिक कारणांमुळे काही पाकिटे बदलली आहेत. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ दुसऱ्या चित्रावर ‘आम्ही आपल्याला पाकीट परत पाठवू’ असे आहे. इथे ‘क्षमस्व’, ‘दिलगीर’ आणि ‘माफी’ यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

शरद (पाचपाखाडी, निवृत्त मुद्रितशोधक) :
मृदुलाताई, माफीचा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवू, कारण खरी अडचण ‘बदलली’मध्ये आहे. ‘बदलणे’ हे क्रियापद मराठीत दोन्ही अंगांनी चालते. हवा आपोआप बदलते आणि चादर आपण बदलतो. त्यामुळे ‘पाकिटे बदलली आहेत’ हे वाचून निम्मे ग्राहक असे समजतील की चुकीची पाकिटे तुम्ही आधीच बदलून दिली आहेत, आता काळजीचे कारण नाही, आणि घरात आलेली पिशवी निर्धास्तपणे उघडतील. तुम्हाला म्हणायचे आहे ते नेमके याच्या उलट आहे. दुसऱ्या चित्रावरच्या ‘परत’चेही तसेच आहे. ‘परत’ म्हणजे पुन्हा आणि ‘परत’ म्हणजे माघारी, तेव्हा ‘पाकीट परत पाठवू’ यावरून नवे पाकीट येणार आहे की ग्राहकाचेच पाकीट त्याच्याकडे माघारी येणार आहे, हे कळत नाही. ‘योग्य भाजणीचे नवे पाकीट पाठवू’ असे लिहावे, म्हणजे ‘परत’ हा शब्द पैशांसाठी मोकळा राहील.

‘क्षमस्व’ हे संस्कृतातील आज्ञार्थी एकवचन आहे, म्हणजे ‘तू क्षमा कर’. मराठीत ते आता नुसत्या उद्गारासारखे वापरले जाते आणि त्यात चूक नाही, पण ‘आम्ही क्षमस्व आहोत’ अशी वाक्ये अलीकडे दिसतात ती मात्र टाळावीत. ‘दिलगीर’ फारसीतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ खिन्न, उदास असा आहे. म्हणजे त्या वाक्यात तुम्ही स्वतःच्या मनाची स्थिती सांगता, समोरच्याकडे काही मागत नाही. गाडी उशिरा येते तेव्हा ठाणे स्थानकावर याच शब्दाची उद्घोषणा आपण ऐकत असतो, आणि ती ऐकून आपली माफी मागितली गेली असे कोणालाही वाटत नाही.

अनिकेत (घोडबंदर रस्ता) :
एवढी चिकित्सा कशाला? शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहावे. अस्सल मराठी आहे, नम्र आहे आणि लहानही आहे. शिवाय इन्स्टाग्रामवर काही चुकले तर नंतर दुरुस्त करता येतेच.

शरद :
शब्दप्रयोग अस्सल आहे, हे मान्य. परंतु तो हिशेबाच्या कागदाखाली येतो, आणि तोही चूक सापडण्यापूर्वी : यात काही राहिले असेल तर तुम्ही सांगा, आम्ही सुधारू, असा तो दोन्ही पक्षांचा करार असतो. इथे चूक सापडली आहे आणि ती एकाच बाजूची आहे. ग्राहकाने यात काय ‘द्यावे’?

सुप्रिया (ऐरोली, अन्नपदार्थांच्या पॅकिंगमध्ये काम) :
अनिकेत, चित्रांखालचा मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, हे बरोबर आहे. पण एकदा प्रसिद्ध झालेल्या चित्राच्या जागी दुसरे चित्र घालता येत नाही. म्हणून चित्रावर जाणारे प्रत्येक वाक्य आधीच तपासलेले हवे. दुसरे असे की लोक एकेका चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. पदार्थाचे नाव आणि बॅच क्रमांक फक्त पहिल्या चित्रावर असला, तर तिसरे चित्र एकटे फिरताना निरुपयोगी ठरते.

मृदुलाताई, ‘तांत्रिक कारणांमुळे’ हे शब्द मात्र कृपया काढा. स्टिकरची दोन भेंडोळी एकाच टेबलावर होती आणि पिशव्याही एकाच रंगाच्या होत्या, असे घडले असणार. तसे असेल तर तसेच लिहा. आणि ही केवळ गैरसोय नाही. थालीपीठ भाजणीत गहू असतो. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार गव्हासारखे ग्लूटेनयुक्त धान्य असल्यास ते पाकिटावर स्वतंत्रपणे सांगावे लागते, आणि उपवास भाजणीच्या स्टिकरवर ते नसणार. गहू वर्ज्य असलेली व्यक्ती साबुदाणा, वरी आणि राजगिरा वाचून ती पिशवी विश्वासाने घेते. म्हणून पहिले वाक्य माफीचे नको, ‘ही भाजणी वापरू नका’ असे हवे.

निखिल (वाशी) :
मलाही मागच्या महिन्यात एका दुकानाने ४२ ऐवजी ३८ मापाचा कुर्ता पाठवला आणि परतीचे कुरिअर माझ्याच खर्चाने करायला लावले. अशा वेळी ग्राहकाने तक्रार कोठे करावी?

मृदुला :
निखिल, हा धागा मजकुराच्या शब्दांचा आहे, तक्रारीचा नाही. तरी तुमच्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. पिशवी न्यायला कोण येणार आणि खर्च कोणाचा, हे मी कोठेच लिहिले नव्हते. सुप्रिया, तुमचा अंदाज भेंडोळ्यांपर्यंत बरोबर निघाला. आता एक शंका : पिशवी उघडली असेल तर ग्राहकाने ओळखायचे कसे?

सुप्रिया :
पांढऱ्या बशीत दोन चमचे पीठ पसरायला सांगा. उपवास भाजणी पांढुरकी दिसते, कारण साबुदाणा आणि वरी दोन्ही फिकट. राजगिऱ्यामुळे थोडी पिवळसर झाक येते आणि वास जिऱ्याचा असतो. थालीपीठ भाजणी बाजरी, ज्वारी आणि भाजलेल्या डाळींमुळे तपकिरी असते आणि धण्यांचा वास लगेच येतो. दोन बशा शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र दुसऱ्या चित्रावर घाला. मात्र गहू वर्ज्य असलेल्यांनी वासावर विसंबू नये, बॅच क्रमांक जुळला तर पिशवी वापरूच नये, हे त्याच चित्रावर लिहा.

मृदुला :
सुधारलेला मजकूर असा झाला आहे.

पहिले चित्र : ‘उपवास भाजणी, ५०० ग्रॅम, बॅच क्रमांक २७ : कृपया वापरू नका. या बॅचच्या काही पिशव्यांत थालीपीठ भाजणी आहे. तिच्यात गहू आहे.’
दुसरे चित्र : दोन बशा, बॅच क्रमांक आणि वरील सूचना.
तिसरे चित्र : ‘बॅच २७ : नवे पाकीट हवे की पैसे परत, ते आपण ठरवावे. पिशवी आम्ही आमच्या खर्चाने घरून नेऊ. ती उघडलेली असली तरी चालेल.’
चौथे चित्र : ‘मंगळवारी बॅच २७ भरताना उपवास भाजणीचे स्टिकर आम्ही थालीपीठ भाजणीच्या पिशव्यांवर लावले. पाठवण्यापूर्वी एकही पिशवी उघडून पाहिली नाही. ही चूक आमची आहे. आमच्या चुकीमुळे आपला उपवास मोडला असेल, त्याबद्दल आम्ही आपली माफी मागतो.’

शरद :
‘लावले’ आणि ‘पाहिली नाही’ ही क्रियापदे उत्तम, कारण कोणी काय केले आणि काय केले नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. ‘लावले गेले’ असते तर कर्ता अदृश्य झाला असता. ‘उपवास मोडला’ मात्र काढावे. नकळत खाल्ल्याने उपवास मोडत नाही, असे मानणारी घरे पुष्कळ आहेत; त्यांना तुम्ही विनाकारण रुखरुख लावाल. ‘उपवासाच्या दिवशी आपल्या ताटात धान्य आले’ असे लिहावे.

सुप्रिया :
मला ते पटत नाही, काका. माझ्या सासूबाईंच्या दृष्टीने तो मोडलाच असता, आणि ‘ताटात धान्य आले’ हे वाचून त्यांना वाटले असते की मूळ गोष्ट बोलायचे टाळले आहे. झालेल्या नुकसानाचे नाव माफीत यायला हवे.

अनिकेत :
‘मोडला असेल’ यातच ‘असेल’ आहे ना? ज्याला मोडला असे वाटते, त्याच्यासाठी ते वाक्य आहे.

शरद :
‘असेल’ने शंका दूर होत नाही, उलट ती वाचणाऱ्याच्या पदरात पडते.

मृदुला :
पहिली तीन चित्रे आत्ताच पाठवत आहे, कारण पिशव्या घरोघरी आहेत. नंतर त्यात चौथे जोडता येणार नाही, म्हणून माफीचे चित्र स्वतंत्रपणे जाईल. तोवर खालच्या मजकुरात ‘चूक आमची आहे, आम्ही माफी मागतो’ एवढे घातले आहे. ‘मोडला’विषयी उद्योग चालवणाऱ्या काकूंनाच विचारते, एकादशी त्याही करतात.