मदत हवी आहे: नफा-तोटा आणि लागोपाठ सूट, अपूर्णांकात फार वेळ जातोय

भरती_लातूर
नमस्कार मंडळी, पोलीस भरतीच्या लेखीची तयारी चालू आहे. १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही आणि माझा नफा-तोट्याच्या एकेका गणितात अर्धं पान भरून जातं. हे बघा:

एका दुकानदाराने खरेदी किमतीवर ४०% वाढवून छापील किंमत ठेवली, मग त्यावर २५% आणि १०% अशी लागोपाठ सूट दिली. शेकडा नफा किंवा तोटा किती?

मी खरेदी १०० धरतो, छापील १४०, मग १४० × २५/१०० = ३५ वजा केले की १०५, परत १०५ × १०/१०० = १०.५ वजा, राहिले ९४.५. म्हणजे ५.५% तोटा, उत्तरपत्रिकेतही तेच आहे. पण हेच गणित उलटं आलं की अडतं, म्हणजे विक्री ११३४ रुपये दिली आणि खरेदी विचारली तर क्ष, ४०क्ष/१००, मग कंसात कंस असं चालू होतं. क्लासचे सर ०.७५ ने गुण, ०.९ ने गुण करून एका ओळीत सोडवतात, ते आकडे कुठून येतात कोणी नीट सांगेल का प्लीज

पाटील_साहेब
४० मधून २५ गेले १५, त्यातून १० गेले ५. पाच टक्के नफा. ऑप्शनमध्ये असणारच, तेच टिक करायचं.

गणिताच्या_ताई
पाटील साहेब, ऑप्शनमध्ये ५% नफा असतो तो मुलांनी तिथे फसावं म्हणूनच. यातले ४० टक्के खरेदीचे आहेत, २५ टक्के छापील किमतीचे आणि १० टक्के पहिली सूट जाऊन जे उरलं त्याचे. तीन वेगळ्या रकमांचे टक्के एकमेकांतून वजा कसे करणार? इथे दुकानदाराच्या खिशातून पैसे गेलेत आणि उत्तर नफा येतंय.

लातूरकर, तुझी पद्धत चूक नाहीये, फक्त तू प्रत्येक वेळी आधी सूट किती ते काढतोस आणि मग वजा करतोस, ही दोन कामं झाली. सूट काढूच नकोस, गिऱ्हाईक किती देतं ते बघ. २५% सूट म्हणजे शंभरातले ७५ द्यायचे, म्हणून ०.७५ ने गुणायचं. १०% सूट म्हणजे ०.९. आणि ४० टक्क्यांनी वाढवणं म्हणजे मूळचा एक आणि वरचे ०.४, म्हणून १.४. आता सगळं एका ओळीत:

१.४ × ०.७५ × ०.९

१.४ चा पाऊण भाग १.०५, त्यातून त्याचाच दहावा भाग काढला की ०.९४५. हा आकडा १ पेक्षा कमी आला म्हणजे तोटा, आणि १ ला जितका कमी पडला तितका तोटा, ०.०५५ म्हणजे ५.५%. १ च्या वर गेला असता तर नफा. १०० धरायचीही गरज नाही, क्ष पण नको.

उलट्या गणितात त्याच आकड्यांनी भागत मागे जायचं. ११३४ ला ०.९ ने भागलं १२६०, त्याला ०.७५ ने भागलं १६८०, ही छापील किंमत, तिला १.४ ने भागलं १२००. खरेदी १२०० रुपये, झालं. तीन ऐवजी एकदाच ०.९४५ ने भागलंस तरी १२००च येणार, पण हाताने करताना एकेक पायरी सोपी जाते.

एसएससी_वाला
ताईंचं बरोबर आहे पण दोन सुटींना सूत्र अजून फास्ट, अ + ब − अब/१००. २५ + १० − २.५ = ३२.५% एकूण सूट. आणि उलटं जायला भागाकाराची कटकट कशाला, जेवढे टक्के कमी केले तेवढे परत मिळवा ना, १२६० मध्ये २५% मिळवले की छापील किंमत.

गणिताच्या_ताई
सूत्र बरोबर आहे, ०.७५ × ०.९ = ०.६७५ म्हणजे सूट ३२.५%च. फक्त तिसरी सूट आली की ते परत एकदा लावावं लागतं, गुणाकारात एक आकडा वाढतो एवढंच. पण उलटं जाताना तुम्ही सांगताय ते करून बघा. १२६० चे २५% म्हणजे ३१५, मिळवले तर १५७५. छापील किंमत तर १६८० होती! २५% मोठ्या रकमेचे कापले आणि मिळवताना छोट्या रकमेचे मिळवले, म्हणून १०५ रुपये कमी पडले. २५% कापलेलं भरून काढायला ३३ पूर्णांक १/३ टक्के वाढवावं लागतं, हेच ०.७५ ने भागल्यावर आपोआप होतं. आणि हा १५७५ पण ऑप्शनमध्ये ठेवलेला असतो बरं का.

नयना_ठाणे
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, परीक्षेचा नाही. एका दुकानात २००० चा ड्रेस घेतला, २०% सूट होती आणि माझ्याकडे २०० रुपयांचं कूपन. त्यांनी आधी कूपन वजा करून मग सूट लावली आणि १४४० घेतले. मी घरी हिशोब केला तर १४०० येतात. गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही असं वाचलं होतं, मग चाळीस रुपये गेले कुठे?

गणिताच्या_ताई
नयनाताई, क्रमाने फरक पडत नाही हे फक्त टक्क्यांच्या सुटींना लागू. आधी २५ मग १० किंवा उलट, ०.७५ × ०.९ तेच राहतं. कूपन म्हणजे ठरावीक रुपये, ते गुणायचे नसतात, वजा करायचे असतात. आधी वजा केले की त्या २०० वरही २०% सूट लागते आणि कूपनची किंमत १६० च उरते, तुमचे चाळीस तिथे गेले. परीक्षेतही 'आणि वर ५० रुपये सूट' असं आलं की ती कुठल्या पायरीला आहे ते आधी बघायचं.

एसएससी_वाला
मान्य. पण मग दोन वस्तू एकाच किमतीला विकल्या, एकीवर २०% नफा, एकीवर २०% तोटा, हे पण १.२ × ०.८ = ०.९६ म्हणजे ४% तोटा. उत्तर बरोबर येतं, मी कायम असंच करतो.

गणिताच्या_ताई
टक्के सारखे आहेत म्हणून जुळतं हो. एकीवर २५% नफा, दुसरीवर २०% तोटा घ्या. १.२५ × ०.८ = १, म्हणजे ना नफा ना तोटा? आता खरं करून बघू, दोन्ही १०० ला विकल्या. पहिलीची खरेदी १०० ÷ १.२५ = ८०, दुसरीची १०० ÷ ०.८ = १२५. खर्च २०५, आले २००. पाच रुपये तोटा, २०५ वर साधारण २.४४%. एकाच वस्तूवर एकामागून एक बदल झाले तरच आकडे गुणायचे. इथे दोन वेगळ्या वस्तू आहेत, म्हणून प्रत्येकीची खरेदी काढायची आणि बेरीज करायची.

एसएससी_वाला
२५-२० वालं आधी करून बघायला हवं होतं, पटलं. पण एक सांगतो लातूरकर, १२.५% आणि ३३ पूर्णांक १/३% आले की दशांशात जाऊ नकोस. ०.८७५ × ०.६६६ करत बसलास तर उत्तर जवळपास येईल, अचूक नाही. ७/८ × २/३ = ७/१२, एका ओळीत.

भरती_लातूर
म्हणजे अपूर्णांक सुटणार नाहीच 😅 पण १४० × २५/१०० वालं सुटलं हे खूप झालं, ताई मनापासून आभार. आज जुन्या पेपरमधली एवढीच गणितं काढून बसलोय. एक अडलंय, 'पाच वस्तूंवर एक मोफत आणि वर १०% सूट', इथे काय धरायचं? पाच घेतल्या, पैसे चारचेच दिले म्हणून ०.८ × ०.९ = ०.७२?

पाटील_साहेब
पाचावर एक म्हणजे हातात सहा येतात, पैसे पाचचे. ५/६ धरा.

गणिताच्या_ताई
यावेळी मी पाटील साहेबांच्या बाजूने, ५/६ × ०.९ = ०.७५, म्हणजे २५% सूट, आकडाही सुटसुटीत येतो. पण 'पाचपैकी एक मोफत' असं लिहिलं असेल तर ०.८ च. प्रश्न जसाच्या तसा टाक बघू, आणि ऑप्शन काय दिलेत तेही.

एसएससी_वाला
मला तरी ०.८ च वाटतंय.