शब्दचर्चा: सीमांत प्राप्तीतला 'खंड' म्हणजे नेमकं काय?

तृप्ती_सिडको
टीवायच्या नोट्समध्ये एक वाक्य आहे, "अल्पाधिकारात मागणी वक्राला कोपरा येतो, त्यामुळे सीमांत प्राप्तीत खंड पडतो आणि किमती ताठर राहतात." कोपरा कळला, ताठर कळलं, पण हा खंड कसला? पावसाने खंड दिला म्हणतो तसा काळातला, म्हणजे काही दिवस प्राप्ती थांबते? की आलेखातला? आणि त्याचा किंमत न हलण्याशी काय संबंध?

गोदाकाठ
काळाशी काही संबंध नाही, आलेखातलाच आहे. मागणी वक्र त्या कोपऱ्यावर तुटतो, वरचा तुकडा वेगळा न् खालचा वेगळा, मध्ये जी मोकळी जागा राहते तोच खंड. म्हणून किंमत तिथे अडकते.

अंबडचे_सर
गोदाकाठ, आलेखातला हे बरोबर, पण तुटतो तो मागणी वक्र नाही. मागणी वक्र अखंडच असतो, नुसता वाकतो. तुटते ती सीमांत प्राप्तीची रेषा, म्हणजे एक नग जास्त विकला की गल्ल्यात किती भर पडते ते दाखवणारी. परीक्षेत पोरं हमखास इथेच मार्क घालवतात.

वाकतो का ते आधी बघ तृप्ती. मोजकेच विक्रेते आहेत, सगळ्यांची एकमेकांवर नजर. मी भाव वाढवला तर बाकीचे गप्प बसणार, माझं गिऱ्हाईक आयतं त्यांच्याकडे जातंय मग ते कशाला वाढवतील? आणि मी कमी केला तर मात्र लगेच तेही कमी करणार, म्हणजे मला नवीन गिऱ्हाईक फारसं मिळणारच नाही. चालू भावाच्या वर मागणी लवचिक आणि खाली अलवचिक, म्हणून चालू भावावर कोपरा. हे १९३९ सालचं आहे, अमेरिकेत पॉल स्वीझीने मांडलं आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच यांनीही, त्यांनी तर उद्योजकांनाच जाऊन विचारलं होतं की बाबांनो भाव ठरवता कसा.

पाथर्डीफाटा_जार
सर हे तर आमचंच चाललंय 😄 आमच्या पट्ट्यात २० लिटरच्या जारचे तीनच प्लांटवाले, भाव सगळ्यांचा ४०. मध्ये डिझेल वाढलं, लाइट बिल वाढलं, टेम्पोवरचा पोऱ्या पगार वाढवून मागायला लागला, तरी आम्ही तिघंही ४० वरच. घरचे म्हणतात तुला धंदा कळत नाही. पण मी ४२ केला की समोरचा माझ्या सोसायट्या उचलणार हे नक्की, आणि ३८ केला तर संध्याकाळपर्यंत त्याचा पण ३८.

अंबडचे_सर
घरच्यांना हा हिशेब दाखवा. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. समजा ४० ने रोज २०० जार जातात, म्हणजे गल्ला ८,०००. तुम्ही एकट्याने ४२ केला, बाकीचे थांबले, ५० जार गेले, राहिले १५०, गल्ला ६,३००. म्हणजे ५० जारांपोटी १,७०० गेले, जारमागे ३४. आता उलट, ३८ केला, बाकीच्यांनीही केला, फक्त २० जार वाढले, २२० गुणिले ३८ म्हणजे ८,३६०. जास्तीच्या २० जारांनी आणले ३६०, जारमागे १८.

म्हणजे एका बाजूने जारची किंमत तुमच्या गल्ल्याला ३४ आणि दुसऱ्या बाजूने एकदम १८. मधलं काहीच नाही. तृप्ती, हाच तो खंड.

आता एक जादा जार भरून पोचवायचा खर्च २२ असेल तर? भाव कमी करून १८ मिळवण्यासाठी २२ कोण घालवेल? आणि वाढवला तर जारमागे २२ वाचवायला ३४ सोडावे लागतात. म्हणून ४०. खर्च वाढून ३० झाला तरी तोच हिशेब, ४० ला नफा २,०००, ४२ ला १,८०० आणि ३८ ला १,७६०. वाढलेला खर्च सगळा नफ्यातून गेला, भावाला हात लागला नाही. ३५ झाला की मात्र ४० ला १,००० आणि ४२ ला १,०५०, मग भाव हलेल.

तृप्ती_सिडको
ओके म्हणजे सीमांत खर्चाची रेषा त्या खंडातून वर-खाली झाली तरी किंमत तीच, हे आत्ता डोक्यात शिरलं. पण सर मी सरळ रेषा धरून समीकरण मांडलं, वरची P = 48 − 0.04Q आणि खालची P = 60 − 0.1Q, तर २०० जारांवर सीमांत प्राप्ती ३२ आणि २० येतेय, ३४ आणि १८ नाही. चुकतंय का?

अंबडचे_सर
नाही, तुझंच पेपरात लिही. मी दोन-दोन रुपयांची पूर्ण उडी घेतली, तू अगदी कोपऱ्यावर उभं राहून मोजलंस. आलेखातली उभी तुटक रेषा ३२ ते २० अशीच काढायची.

निफाडचा_भाऊ
मग लासलगावला का नाही लागू होत हे? तिथे पण व्यापारी मोजकेच, सगळ्यांची एकमेकांवर नजर, पण कांद्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी एक. कसला ताठर न् कसलं काय. आमची ट्रॉली उभी असताना भाव पडतो ना तेव्हा कळतं.

अंबडचे_सर
भाऊ, तिथे मोजके आहेत ते घेणारे, विकणारे तुम्ही हजारो. आणि भाव लिलावात निघतो, कोणी पाटी लावून बसत नाही. हे मॉडेल पाटी लावणाऱ्या मोजक्या विकणाऱ्यांचं आहे.

निफाडचा_भाऊ
म्हणजे आमच्यासाठी अर्थशास्त्रात काहीच नाही 🙏

गोदाकाठ
पण सर, मग जारचा भाव कधीच वाढायला नको, आणि वाढतो की. काही वर्षांपूर्वी ३० ला येत होता आमच्याकडे.

अंबडचे_सर
वाढतो, कारण लाइट बिल तिघांचंही एकदमच वाढतं. एकट्याचा टेम्पो बिघडला तर तो मुकाट्याने सोसतो, पण सगळ्यांना सारखाच फटका बसला की प्रत्येकाला माहीत असतं की समोरचाही वाढवणार, मग कोपराच राहत नाही. १९४७ मध्ये जॉर्ज स्टिगलरने नेमकं हेच धरलं. सिगारेटसारख्या धंद्यांतले भाव तपासून तो म्हणाला की एकाने वाढवला की बाकीचेही वाढवतात, शिवाय जिथे एकच विक्रेता आहे आणि कोपरा असायचं कारणच नाही तिथले भावही काही जास्त हलताना दिसत नाहीत. माझ्या मते हे मॉडेल भाव का थांबतो ते छान सांगतं, तो ४० वरच का थांबला, ३५ वर का नाही, यावर त्याच्याकडे उत्तर नाही. तो आयता धरून चालतं.

पाथर्डीफाटा_जार
४० कुठून आला सांगू का, आधीच्या प्लांटवाल्याने लावला होता, आम्ही तोच उचलला. आणि भाव हलत नाही हे पण वरवरचं हां सर. समोरचा पाटीवर ४० च ठेवतो पण दहा जारच्या कार्डावर एक फुकट देतो, मोठ्या ऑफिसला डिपॉझिट घेत नाही. याला ताठर म्हणायचं का?

तृप्ती_सिडको
दहाच्या पैशात अकरा म्हणजे ३६ च्या आसपास पडला की जार! आणि तुम्ही फुकट देता का नाही?

पाथर्डीफाटा_जार
ते इथे नाही लिहीत, तो पण वाचत असेल 😅